चिनी अष्टाक्षरींतील पति आणि पत्नी

मनुष्याच्या जन्मवेळेवरून त्याचें भवितव्य सांगण्याच्या ज्या पद्धती चीन देशांत रूढ झाल्या, त्यांपैकीं गेलीं सुमारें एक हजार वर्षें सर्वांत अधिक प्रचारांत असलेल्या पद्धतीस 'बाझी' म्हणतात. बाझी म्हणजे आठ अक्षरें. जन्माचें वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर या चार गोष्टींना प्रत्येकीं दोन अक्षरें लावावयाचीं, आणि त्या आठ अक्षरांच्या परस्परसंबंधांवरून आयुष्याचा अर्थ लावावयाचा, एवढेंच या शास्त्राचें सामान. आमच्याकडील ज्योतिषी जन्मकाळीं कोणता ग्रह कोणत्या राशींत होता तें पाहतो. बाझी पाहणाऱ्यास आकाशाकडे मान वर करण्याची गरज नाहीं, पंचांग पुरे. राहू व केतू हीं आमचीं नावें 'लोहौ' व 'जीदू' अशा रूपानें थांग राजवटीच्या काळीं चीनमध्यें पोंचलीं, आणि त्यांच्या आधारानें ग्रह पाहणारी एक निराळी शाखा तेथें चाललीही. पण लोकांच्या घराघरांत शिरली ती ही ग्रहरहित अष्टाक्षरीच.

प्रभवादि साठ संवत्सरांचें चक्र मराठी वाचकांस परिचित आहे. चिनी कालगणनेंतही साठांचें चक्र आहे. मात्र तें वर्षांनाच नव्हे, तर महिन्यांना, दिवसांना आणि दोन दोन तासांच्या प्रहरांनाही लावतात. त्यांतील प्रत्येक जोडीचें पहिलें अक्षर दहा 'स्कंधां'पैकीं एक असतें आणि दुसरें बारा 'शाखां'पैकीं. शाखांना उंदीर, बैल, वाघ, ससा अशीं प्राण्यांचीं नावें लोकांनीं दिलेलीं आहेत, तींच आम्ही येथें वापरूं. दहा स्कंध म्हणजे काष्ठ, अग्नि, मृत्तिका, धातु व जल हीं पांच तत्त्वें, प्रत्येक एकदां पुरुषगुणी व एकदां स्त्रीगुणी. 'जिया' हें पुरुषगुणी काष्ठ, म्हणजे उंच वाढलेला वृक्ष. 'यी' हें स्त्रीगुणी काष्ठ, म्हणजे वेल किंवा गवत. बाकीच्यांची ओळख जसजशी लागेल तसतशी करून देऊं.

आतां या आठ अक्षरांत प्रत्यक्ष माणूस कोठें आहे, हा पहिला प्रश्न. थांग राजवटींत ली शूझुंग या नांवाचा एक अधिकारी या विद्येंत निष्णात होता. तो इ. स. ८१३ मध्यें वारला, आणि त्याचा मृत्युलेख हान यू या विख्यात गद्यकारानें लिहिला. त्या लेखांत जन्माचें वर्ष, महिना व दिवस यांचा उल्लेख आहे, प्रहराचा नाहीं. त्या काळची सर्व पद्धत वर्षाच्या अक्षरांभोवतीं फिरत असे. म्हणजे एका वर्षीं जन्मलेलीं सर्व मुलें मूलतः एकाच गोत्राचीं ठरत. पुढें पांच राजवंशांच्या धामधुमीच्या काळांत किंवा सुंग राजवटीच्या आरंभीं शू झिपिंग नांवाचा पुरुष झाला. त्याच्या चरित्राची माहिती फारच तुटपुंजी आहे, पण त्याच्या नांवावर मोडणारी सुधारणा मोठी आहे: त्यानें माणसाचें आसन वर्षावरून उचलून दिवसाच्या स्कंधावर ठेवलें. या अक्षरास 'रीझू' म्हणतात. आम्ही त्यास दिनस्वामी म्हणूं. दिनस्वामी म्हणजे 'मी'. उरलेलीं सात अक्षरें म्हणजे या 'मी'चे आप्त, शत्रु, मालमत्ता आणि मालक.

हा बदल कां झाला असावा? वर्ष हें कुळाचें, पूर्वजांचें स्थान मानलें जाई, दिवस हा ज्याचा त्याचा. थांग काळचीं जुनीं सरदारघराणीं मोडून सुंग काळीं परीक्षा देऊन अधिकारावर चढणारा माणूस पुढें आला, त्याच सुमारास कुळाच्या अक्षराचें महत्त्व उतरून व्यक्तीच्या अक्षराचें महत्त्व वाढलें, हा केवळ योगायोग असेल असें आम्हांस वाटत नाहीं. अर्थात् हें आमचें अनुमान आहे. परंतु नव्या पद्धतीची परिभाषाच पाहावी: तींत अधिकारी आहे, शिक्का आहे, धन आहे, एखाद्या कचेरीचें दप्तर उघडल्यासारखें वाटतें.

ही परिभाषा म्हणजेच 'दहा देव'. नांवावरून कोणी पूजेअर्चेचे देव समजूं नये. हीं केवळ नात्यांचीं नांवें आहेत. दिनस्वामीच्या तत्त्वाशीं दुसऱ्या अक्षराच्या तत्त्वाचा संबंध पांच प्रकारचा असूं शकतो. तें माझ्यासारखेंच असेल, किंवा तें मला जन्म देईल, किंवा मी त्यास जन्म देईन, किंवा मी त्यावर सत्ता चालवीन, किंवा तें माझ्यावर सत्ता चालवील. यांतील प्रत्येक संबंध, दोघांचा गुण एक आहे कीं भिन्न आहे यावरून, पुन्हा दोन प्रकारचा; म्हणून दहा. ज्यावर माझी सत्ता चालते तें माझें 'धन'. ज्याची सत्ता माझ्यावर चालते तो 'अधिकारी'. जें मला जन्म देतें ती 'मुद्रा', म्हणजे सनदेवरचा शिक्का. ज्यास मी जन्म देतों त्यांतील एक 'अन्नदेव', आणि दुसऱ्याचें नांव मोठें विलक्षण आहे: 'शांगक्वान', म्हणजे अधिकाऱ्यास जखम करणारा.

भिन्न गुणाचें धन तें 'शुद्ध धन', समान गुणाचें तें 'बाजूचें धन'. हा 'बाजूचें' शब्द सहज आलेला नाहीं; चिनी घरांत दुय्यम स्त्रीस जी बाजूची खोली मिळे तिच्या नांवांतही हाच शब्द आहे. तसाच भिन्न गुणाचा तो 'शुद्ध अधिकारी', आणि समान गुणाचा तो 'सातवा घातक'. कारण आपल्या स्कंधापासून, आपल्यास धरून, मोजूं लागलें म्हणजे सातवा स्कंध हटकून हाच येतो. शुद्ध अधिकारी कायद्यानें आवरतो, घातक बळानें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. पुरुषाच्या अष्टाक्षरींत पत्नी कोणती? शुद्ध धन. आणि उपपत्नी? बाजूचें धन. स्त्रीच्या अष्टाक्षरींत पति कोणता? शुद्ध अधिकारी. नवऱ्याव्यतिरिक्त पुरुष किंवा दुसरा नवरा तो सातवा घातक. याखेरीज दिवसाची शाखा, म्हणजे दिनस्वामी ज्यावर बसला आहे तें आसन, स्त्रीपुरुष दोघांच्याही बाबतींत जोडीदाराचें घर समजलें जातें. तेथें दोघांत भेद नाहीं. भेद आहे तो ताऱ्यांत. पुरुष ज्यावर सत्ता चालवितो ती त्याची बायको. स्त्रीवर जो सत्ता चालवितो तो तिचा नवरा. एकाच संबंधाचीं हीं दोन टोकें आहेत, आणि त्या दृष्टीनें कोष्टक निर्दोष आहे. आमच्या ज्योतिषांतही पुरुषास पत्नीचा कारक शुक्र आणि स्त्रीस पतीचा कारक गुरु असा भेद केलेला आहे. पण शुक्रावर गुरूची सत्ता आहे असें कोणी त्यावरून म्हटलेलें नाहीं.

या कोष्टकाच्या पोटांत एक जुनी कथा दडलेली आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस श्याव जी नांवाच्या विद्वानानें पंचतत्त्वांसंबंधींचीं मतें एका ग्रंथांत संकलित केलीं, त्यांत ती सांपडते. वृक्षरूपी जियास कुऱ्हाडरूपी धातूची, म्हणजे गेंगची, भीति वाटते. तेव्हां तो आपली धाकटी बहीण यी हिला गेंगला देऊन टाकतो, आणि सोयरीक झाल्यावर गेंगची धार बोथट होते. स्कंधांचीं अशीं पांच लग्नें आहेत. जिया स्वतः लग्न लावतो तें 'जी'शीं, म्हणजे शेतांतील मऊ मातीशीं. जियाच्या दृष्टीनें जी हें त्याचें शुद्ध धन, आणि जीच्या दृष्टीनें जिया हा तिचा शुद्ध अधिकारी. येथें तत्त्व, नातें व लग्न हीं तिन्ही एकमेकांत चपखल बसतात.

पण किती जणांच्या बाबतींत? ज्याचा दिनस्वामी पुरुषगुणी आहे अशा पुरुषाच्या आणि जिचा दिनस्वामी स्त्रीगुणी आहे अशा स्त्रीच्या बाबतींत. निसर्ग मात्र दिवस पाहून मुलगा कीं मुलगी हें ठरवीत नाहीं. जियाच्या दिवशीं मुलगी जन्मली तर तिचा पति कोण? पुरुषगुणी काष्ठावर सत्ता चालविणारा भिन्न गुणाचा धातु, म्हणजे 'शिन', दागिन्याचा नाजूक धातु. वृक्षासारखी बायको आणि बाळीसारखा नवरा! शिवाय शिनचें लग्न तिच्याशीं नाहींच, तें अग्निरूपी 'बिंग'शीं. ती स्वतः ओढली जाते ती जीकडे, म्हणजे आपल्या धनाकडे. उलट, यीच्या दिवशीं जन्मलेल्या पुरुषाचा स्कंध गेंगशीं, म्हणजे आपल्या अधिकाऱ्याशीं, बांधलेला, पत्नीशीं नव्हे. म्हणजे ज्या विवाहकथेवर हें कोष्टक उभें आहे, ती निम्म्या माणसांना लागूच पडत नाहीं. जुन्या ग्रंथकारांनीं हें झांकलें नाहीं; या निम्म्यांना तारा आहे, पण तारेशीं बांधलेली गांठ नाहीं, एवढें समजून ते पुढें जातात.

एक पाऊल पुढें टाकलें कीं सगळें कुटुंब या गणितांतून निघतें. पत्नी जी माती, तिच्यापासून धातु उत्पन्न होतो, म्हणून पुरुषाचीं मुलें त्याच्या अधिकाऱ्यांत. स्त्री मात्र मुलांना स्वतः जन्म देते, म्हणून तिचीं मुलें अन्नदेवांत व शांगक्वानांत. आई ती शुद्ध मुद्रा. मग बाप कोण? आईचा नवरा. जियाची आई दंवरूपी 'ग्वेइ', तिचें लग्न डोंगररूपी 'वू'शीं, आणि वू म्हणजे जियाचें बाजूचें धन. येणेंप्रमाणें बाप मुलाच्या धनांत येऊन बसला! अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जन्मलेला रेन थ्येच्याव हा या विद्येचा मोठा भाष्यकार येथें अडला. पत्नी ही धन हें त्यास मान्य होतें. पण बापही धनच म्हटलें तर सासरा आणि सून एकाच जातीचीं ठरतात, आणि तें नीतीस धरून नाहीं, असा त्याचा आक्षेप होता. आईबाप दोघांनाही त्यानें मुद्रेंत बसविलें. गणित एकाकडे आणि घरची रीत दुसरीकडे, अशी ओढ लागली तेव्हां त्यानें गणित सोडलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. दिनांक १ ऑक्टोबर १९४९, ज्या दिवशीं पेकिंगमध्यें नव्या प्रजासत्ताकाची घोषणा झाली, त्या दिवशीं पहाटे सहा वाजतां एक मुलगा व एक मुलगी जन्मलीं अशी कल्पना करावी. दोघांचीं आठ अक्षरें एकच. वर्ष जी-बैल, महिना ग्वेइ-कोंबडा, दिवस जिया-उंदीर, प्रहर दिंग-ससा. महिना ठरतो तो चांद्र तिथीनें नव्हे, तर सूर्याच्या संक्रमणबिंदूंनीं. कोंबड्याचा महिना सुमारें ८ सप्टेंबरपासून ८ ऑक्टोबरपर्यंत चालतो. प्रत्येक शाखेच्या पोटांत एक ते तीन स्कंध लपलेले असतात. बैलांत माती, दंव आणि दागिन्याचा धातु असे तीन, कोंबड्यांत केवळ शिन, उंदरांत ग्वेइ, सशांत यी.

दिनस्वामी जिया, वृक्ष. शरद् ऋतु धातूचा असल्यामुळें वृक्ष क्षीण. परंतु शेजारीं दंव, खालीं उंदराच्या पोटांत पाणी, आणि सशांत त्याचें मूळ, म्हणून अगदींच वाळलेला नव्हे. ही पारख पहिली करावी लागते. कारण दिनस्वामी दुबळा आणि धन विपुल असें झालें, तर श्रीमंत घरांतला दरिद्री माणूस आणि बायकोच्या मुठींतला नवरा असा निर्णय ठरलेला आहे.

मुलाची पत्नी जी, ती वर्षाच्या डोक्यावर उघड बसलेली, खालीं बैलांत तिचें मूळही आहे. बाजूचें धन कोठेंच नाहीं. जिया-जीचें लग्न आहे, पण मध्यें ग्वेइ उभी असल्यानें तें दुरून जुळणारें. सशांतला यी हा 'धन लुटणारा', जियाचाच भाऊ, तो पत्नीस धोका. पण कोंबड्यांतला अधिकारी त्यास दाबून ठेवतो. आणि प्रहरावरचा दिंग, दिव्याची ज्योत, म्हणजे शांगक्वान? अग्नीपासून माती उत्पन्न होते. तेव्हां ही ज्योत मुलाच्या पत्नीचें पोषण करते. निकाल चांगला.

आतां तींच अक्षरें मुलीच्या नांवावर वाचावीं. तिचा पति शिन, कोंबड्यांत, म्हणजे ऋतूच्या सिंहासनावर. याहून बळकट नवरा मिळणें कठीण. सातवा घातक कोठेंच नाहीं, म्हणून दुसऱ्या पुरुषाची शंका नाहीं. पण तीच दिव्याची ज्योत आतां धातु वितळविते. नांवच अधिकाऱ्यास जखम करणारा. आणि अधिकारी तर नवरा! शिवाय प्रहरांतला ससा आणि महिन्यांतला कोंबडा हे बाराजणांच्या वर्तुळांत समोरासमोरचे, म्हणून वैरी. रस्त्यावर बसणारा ज्योतिषी एवढें पाहून 'नवऱ्यास मारक' असें म्हणून मोकळा होईल. जाणता ज्योतिषी थांबेल. तो म्हणेल कीं महिन्यावर ग्वेइ आहे, ती मुद्रा आहे, पाणी ज्योतीस आवरतें. आणि सशाच्या व कोंबड्याच्या मध्यें उंदीर बसला आहे, तो धातूचें बळ पाण्यांत घेऊन काष्ठास देतो, त्यामुळें भांडण मिटतें. म्हणून नवरा वांचला. तरी वांचला असेंच म्हणावें लागेल; मुलाच्या बाबतींत वांचविण्याचा प्रश्नच निघाला नव्हता.

या सशा-कोंबड्याच्या वैरावर पहिल्या शतकांतल्या वांग चुंग या फटकळ तत्त्वज्ञानें फार पूर्वींच बोट ठेवलें होतें. धातु काष्ठास जिंकतो हें खरें असेल, तर कोंबडा सशाला टोंचतांना कां दिसत नाहीं, असें त्यानें विचारलें. त्याचें उत्तर पुढील दीड हजार वर्षांत कोणी दिलें नाहीं आणि त्यावांचून कोणाचें अडलेंही नाहीं.

लग्न जुळवितांना वधूचीं आठ अक्षरें 'गेंगथ्ये' नांवाच्या पत्रावर लिहून वराकडे धाडीत, आणि बहुधा देवघरांत तीन दिवस ठेवीत. ज्या ज्योतिष्यास तें पत्र दाखविलें जाई, तो मुलाच्या पत्रांत 'धन लुटणारा' शोधी आणि मुलीच्या पत्रांत 'शांगक्वान'. गणित दोहींकडे सारखेंच कठोर आहे. परिणाम सारखे नव्हते. ज्या पुरुषाच्या पत्रांत दोन्ही प्रकारचें धन असे, त्याला भाग्यवान म्हणत, कारण त्याच्या घरीं पत्नी आणि उपपत्नी दोन्ही येणार. जिच्या पत्रांत अधिकारी व घातक दोन्ही असत, तिच्या शीलाबद्दल कुजबूज होई. पत्नी गमावणारा पुरुष पुन्हा बोहोल्यावर चढे. 'नवऱ्यास मारक' मुलगी घरींच राही, किंवा विधुराच्या पदरांत पडे. आमच्याकडे मंगळ वस्तुतः वराच्या पत्रिकेंतही पाहावयाचा असतो, पण मंगळी म्हणून अडून राहते ती मुलगीच; तेव्हां या गोष्टीचें मराठी वाचकास नवल वाटूं नये.

१९५० च्या विवाहकायद्यानें चीनमध्यें उपपत्नी ठेवण्याची चाल बंद झाली, हांगकांगमध्यें ती कायद्यानें ७ ऑक्टोबर १९७१ रोजीं संपली. बाजूचें धन मात्र कोष्टकांत राहिलें. आजचे ज्योतिषी त्यास प्रेयसी, दुसरें लग्न किंवा अनपेक्षित पैसा म्हणतात. शांगक्वानचाही अर्थ आतां पुष्कळ ठिकाणीं 'बुद्धिमान, स्वतंत्र वृत्तीची, तोंडानें तिखट' असा करतात, आणि तें जुन्या ग्रंथांना सोडून आहे असेंही नाहीं. पुरुषाच्या बाबतींत ते हाच अर्थ पूर्वींपासून करीत आले होते.

या साऱ्या इमारतीचा सर्वांत कच्चा दगड म्हणजे प्रहर. आज सबंध चीन १२० अंश पूर्व रेखांशाच्या एकाच वेळेनें चालतो, आणि चेंगदू शहर सुमारें १०४ अंशांवर आहे. म्हणजे तेथील घड्याळ सूर्याच्या एक तासाहून किंचित् अधिक पुढें असतें. तेथें घड्याळांत साडेपांच वाजतां जन्मलेलें मूल सशाच्या प्रहरांत धरावें कीं सूर्याप्रमाणें वाघाच्या, यावर आजचे ज्योतिषीही एकमत नाहींत. आमच्या उदाहरणांतील मुलीस तेवढ्यानें केवढा फरक पडतो पाहा. वाघाचा प्रहर लावला तर दिंगच्या जागीं बिंग येतो, जखम करणाऱ्याच्या जागीं सौम्य अन्नदेव; बिंगचें शिनशीं लग्नच आहे, म्हणून तो नवऱ्यास जाळण्याऐवजीं कवटाळतो; आणि ससा निघून गेल्यानें कोंबड्याचें वैरही उरत नाहीं. तत्त्व, ऋतु, दिनस्वामी सर्व तेंच. दोन तासांत नवरा निर्धास्त झाला.

मुलींच्या आईबापांना हें ज्योतिष्यांइतकेंच ठाऊक होतें. पुरुषाचीं अक्षरें खोटीं नसतात आणि स्त्रीचीं खरीं नसतात, अशा अर्थाची एक म्हण चिनी ज्योतिष्यांत प्रचलित आहे, ती यामुळेंच. यावर उपाय म्हणून चांगला ज्योतिषी प्रहर जसाच्या तसा स्वीकारीत नाहीं. आईबाप हयात आहेत काय, भावंडें किती, कोणत्या वर्षीं मोठें दुखणें आलें, असे होऊन गेलेल्या गोष्टींचे प्रश्न विचारून, त्यांच्याशीं जुळेल तो प्रहर कायम करतो. पुरुषाच्या बाबतींत हें जमतें, कारण परीक्षा, नोकरी, प्रवास असा सांगण्याजोगा भूतकाळ त्यास असतो. पंधरा-सोळा वर्षांच्या, उंबरठ्याबाहेर न पडलेल्या मुलीबाबत विचारण्यासारखें फारसें कांहीं नसे, आणि उत्तर देणारे तेच आईबाप असत.